आकडा बरोबर, रेघ चूक

सिमेट्रीची वर्कशीट तपासायला घेतली की मी सगळ्यात आधी आकड्यांचा कॉलम झाकते. एक कागदाची पट्टी त्याच्यावर ठेवते आणि फक्त आकार बघते, आकारावर काढलेल्या रेघा बघते. आन्सर की समोर ठेवून नुसते आकडे जुळवत गेलं तर गठ्ठा पटकन संपतो हे खरंय, पण मग अशी वर्कशीट पूर्ण मार्क घेऊन जाते जिच्यातली एकही रेघ बरोबर नाहीये. हे अगदी शब्दशः होऊ शकतं, आणि कुठे होतं ते सांगण्यासाठीच हे लिहितेय.

सुसम पंचकोन घ्या. पाचही बाजू सारख्या, पाचही कोन सारखे. याला सिमेट्रीच्या रेघा पाच, प्रत्येक रेघ एका शिरोबिंदूतून निघते आणि समोरच्या बाजूच्या बरोब्बर मध्यातून बाहेर पडते. आता मूल काय करतं, तर शिरोबिंदूला शिरोबिंदू जोडतं. पंचकोनात असं एक आड एक जोडत गेलं की आत छान चांदणी तयार होते, आणि त्या चांदणीच्या रेघा म्हणजे पंचकोनाचे कर्ण, आणि पंचकोनाला कर्ण असतात पाच! मुलाने रेघा मोजल्या, पाच भरल्या, रकान्यात ५ लिहिलं. आन्सर की म्हणते ५. टिक. पण त्या पाचातली एकसुद्धा रेघ पंचकोनाच्या केंद्रातून जात नाही, एका बाजूला त्रिकोण पडतो आणि दुसऱ्या बाजूला चौकोन, म्हणजे दोन भाग सारखे असण्याचा प्रश्नसुद्धा येत नाही.

आयतात हेच होतं, फक्त तिथे ते जास्त लपून होतं. आयताला सिमेट्रीच्या रेघा दोन, एक आडवी एक उभी, समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या. आणि आयताला कर्ण किती? तेही दोनच. मूल दोन्ही कर्ण काढतं, फुलीसारखे, आणि लिहितं २. परत आकडा बरोबर.

पण ही दोन्ही मुलं एकाच चुकीची नाहीत, आणि माझ्या मते तपासताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पंचकोनात चांदणी काढणारं मूल सिमेट्री बघतच नाहीये, त्याच्या डोक्यात नियम आहे की कोपरे जोडायचे, बस. चौरसात कर्ण चालले होते म्हणून तो नियम पक्का झाला असावा. आयतात कर्ण काढणारं मूल मात्र काहीतरी खरं बघतंय. त्याला विचारलं ना, की ही रेघ का काढलीस, तर ते ठामपणे सांगतं, "मॅडम, दोन्ही भाग सेम आहेत ना!" आणि दोन्ही भाग सेम आहेतच. कर्णाने आयताचे दोन तुकडे होतात ते अगदी एकरूप त्रिकोण असतात, क्षेत्रफळ सारखं, बाजू सारख्या, कोन सारखे. मुलाचं विधान शंभर टक्के बरोबर आहे. नुसती फुली मारून तुम्ही त्याला काय सांगताय? दोन्ही भाग सेम नाहीत असं? ते तर खोटं आहे.

इथे बोलण्यापेक्षा कागद दिलेला बरा. ८ सेंटिमीटर बाय ६ सेंटिमीटरचा आयत कापायला सांगते, माप मुद्दाम हेच, कारण कर्ण बरोबर १० येतो आणि पुढचं गणित नीट सुटतं. मग म्हणते, "घाल घडी तुझ्या रेघेवर." घडी घातली की जो कोपरा समोरच्या कोपऱ्यावर जाऊन बसायला हवा होता तो बाजूला कुठेतरी पडतो. थोडासा नाही, चांगला २.८ सेंटिमीटर लांब पडतो, पट्टी लावून मोजता येतं. मोठ्या वर्गातल्या मुलांना याचं कारणही सांगता येतं, एका कोपऱ्यातून कर्णावर लंब टाकला तर त्याचा पाय कर्णाच्या एका टोकापासून ३.६ सेंटिमीटरवर येतो आणि समोरच्या कोपऱ्याच्या लंबाचा पाय त्याच टोकापासून ६.४ वर, फरक २.८. आरशात बघायचं तर दोन्ही कोपरे रेघेच्या अगदी समोरासमोर हवेत, आणि इथे ते एकमेकांच्या पुढेमागे आहेत. लहान मुलांना हे सांगायची गरजच पडत नाही, घडी घातल्यावर कागदाचे दोन कान बाहेर आलेले दिसतात तेवढं पुरतं.

पण मी तिथे थांबत नाही. आता त्याच कागदाला कर्णावर कापायला सांगते आणि म्हणते, एक तुकडा दुसऱ्यावर बसवून दाखव, पण उलटा करायचा नाही, पालथा घालायचा नाही. मूल थोडं सरकवतं, फिरवतं, आणि अर्धा फेरा फिरवला की तुकडा तुकड्यावर चपखल बसतो. म्हणजे त्याने जे सारखेपण पाहिलं होतं ते आरशाचं नव्हतंच, ते अर्ध्या फेऱ्याचं होतं. आयताची रोटेशनल सिमेट्रीची ऑर्डर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात आकार स्वतःवर किती वेळा बसतो तो आकडा, २ आहे, १८० अंशात फिरवला की आयत स्वतःवरच येऊन बसतो, आणि कर्णाच्या दोन बाजूंचे तुकडे सारखे दिसतात ते याचमुळे. मुलाने शेजारच्या, ऑर्डरच्या कॉलमातली गोष्ट पाहिली आणि या, रेघांच्या कॉलमात लिहिली. हे एकदा लक्षात आल्यापासून मला कर्णाची ती रेघ नुसती चूक वाटतच नाही, त्यात अर्धं उत्तर पडलेलं असतं, फक्त दुसऱ्या प्रश्नाचं.

आणि म्हणूनच वर्कशीटवरचा सगळ्यात बोलका आकार म्हणजे समांतरभुज चौकोन. आयत आणि समभुज चौकोन दोन्हीत उत्तरं २ आणि २ च येतात (आयतात मध्यबिंदू जोडणाऱ्या रेघा, समभुज चौकोनात कर्ण), त्यामुळे आकड्यावरून काहीच कळत नाही. समांतरभुज चौकोनात मात्र आकडा लपून राहू शकत नाही, रेघा शून्य आणि ऑर्डर २. कर्ण काढले तरी चूक, मध्यबिंदू जोडले तरी चूक, काहीच काढायचं नाहीये. आणि मुलांना काहीच न काढणं फार जड जातं बघा, प्रश्नात लिहिलंय सिमेट्रीच्या रेघा काढा, मग नाही काढली तर प्रश्न सोडवलाच नाही असं वाटतं. त्यामुळे मी वर्कशीट बनवतानाच सूचनेत लिहिते की रेघ नसेल तर आकाराखाली शून्य लिहा. मग रिकामा आकार म्हणजे मूल विसरलं की मुलाने विचार करून सोडला, हा गोंधळ तपासताना राहत नाही.

समांतरभुज चौकोनात चार तऱ्हेची उत्तरं येतात आणि चारही वेगळं काहीतरी सांगतात. दोन कर्ण आणि ऑर्डर २ लिहिणारं मूल म्हणजे आयतवालंच, त्याला सारखेपणा दिसतोय पण घडी डोक्यात घातली जात नाहीये. कागद द्या, होऊन जातं. दुसरं मूल एक तिरकी रेघ काढतं, आडव्या बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडणारी, बाकीच्या दोन बाजूंना समांतर, ते आयत कलला तशी रेघही कलवतंय, आयताची आठवण काढून उत्तर देतंय. तिसरं मूल रेघा शून्य बरोबर लिहितं आणि ऑर्डर पण शून्य किंवा एक लिहितं. चौथं शून्य आणि दोन. या चौथ्या मुलाबद्दल मी निर्धास्त असते, बाकी वर्कशीट कशीही असो.

तिसऱ्या मुलाबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण ते अभ्यासू मूल असतं बहुतेक वेळा. त्याने एक शोध लावलेला असतो, की पहिल्या कॉलमातला आकडाच दुसऱ्या कॉलमात येतो. समभुज त्रिकोण ३ आणि ३, चौरस ४ आणि ४, पंचकोन ५ आणि ५, षटकोन ६ आणि ६, आयत २ आणि २. तुम्ही वर्कशीटवर असेच आकार ठेवलेत तर त्याचा नियम दर वेळी खरा ठरतो आणि ते दुसरा कॉलम आकार न फिरवताच भरतं. गंमत म्हणजे नियम खोटा नाहीये! एखाद्या आकाराला सिमेट्रीची निदान एक रेघ असेल तर जितक्या रेघा तितकीच ऑर्डर, हे कायम खरं आहे. समद्विभुज त्रिकोणाला रेघ एक, ऑर्डर एक. पतंगाच्या आकाराला एक आणि एक. (वर्तुळात दोन्ही अमर्याद, तिथे चार रेघा काढून ४ लिहिणारी मुलं असतात, त्यांना म्हणते अजून एक काढ, अजून एक काढ, लवकरच थांबतात.) नियम मोडतो तो फक्त रेघा शून्य असताना. रेघ एकही नसेल तर ऑर्डर काहीही असू शकते, एक, दोन, तीन, कितीही. समांतरभुज चौकोन ०, २. तीन पात्यांचा पंखा, पाती एका बाजूला वळलेली, ०, ३. कागदाचं भिरभिरं ०, ४. इंग्रजी कॅपिटल झेड, एस, एन, तिन्ही ०, २. आणि वेडावाकडा विषमभुज त्रिकोण ०, १.

म्हणून वर्कशीट बनवताना मी सुसम आकार कमीत कमी ठेवते आणि शून्यवाले आकार जास्त. सहा सुसम आकारांच्या वर्कशीटवर पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलाला रोटेशन समजलंय की नाही हे तपासणाऱ्याला कळायला मार्गच नाही. त्यात एक भिरभिरं टाका, कळलंच.

आता ऑर्डरच्या कॉलमाकडे. इथली पट्टी काढून टाकते आणि हा कॉलम वरून खाली वाचते, आडवा नाही. आडवं वाचलं तर दर आकाराला एक फुली असं करत करत मुलाची वर्कशीट लाल होते आणि वाटतं याला काहीच येत नाही. वरून खाली वाचलं की दिसतं, समभुज त्रिकोण ४, चौरस ५, आयत ३, षटकोन ७. सगळीकडे नेमका एक जास्त. म्हणजे हे मूल फिरवतंय अगदी व्यवस्थित, फक्त सुरुवातीची जागा पण मोजतंय आणि पूर्ण फेरा करून परत तिथेच आल्यावर तीही मोजतंय. दुसऱ्या एखाद्या वर्कशीटवर २, ३, १, ५ असं असतं, सगळीकडे एक कमी, हे मूल शेवटची जागा मोजत नाहीये कारण त्याच्या मते ती तर मूळ जागाच, ती कशाला मोजायची. विचार केला तर दोघांचंही म्हणणं कळतं. ही चूक एकच आहे, चार नाहीत, आणि मी मार्क पण एकदाच कापते. समासात लिहिते, "सुरुवात मोजू नकोस, शेवट मोज", किंवा उलट मुलाला "शेवटची जागा राहिली."

बोटाने दाखवायचं तर आकाराच्या एका कोपऱ्यात ठिपका द्यायला लावते, वरून ट्रेसिंग पेपरवर आकार आणि ठिपका दोन्ही उतरवून घ्यायला लावते, मध्यात पेन्सिलचं टोक टेकवून ट्रेसिंग फिरवायचा आणि आकारावर आकार बसला की "एक" म्हणायचं. चौरसात ९० अंशांवर एक, १८० वर दोन, २७० वर तीन, आणि ठिपका ठिपक्यावर आला की चार, संपलं. ठिपका नसेल तर मूल कधी थांबायचं हे विसरतं आणि फिरवतच राहतं. अजून एक चांगली खूण म्हणजे कोनाचा कॉलम. वर्कशीटमध्ये ऑर्डरशेजारी "किती अंशांत" असा रकाना ठेवला तर मूल ९० लिहितं आणि शेजारी ५ लिहितं, मग त्याला विचारता येतं, पाच वेळा ९० किती? ४५० झाले की, फेरा तर ३६० चा. इथे चूक मुलालाच सापडते.

शून्य की एक, हा वाद मात्र तपासायला बसण्याआधीच मिटवलेला असावा लागतो. विषमभुज त्रिकोणाची ऑर्डर किती? पूर्ण फेरा केला की कुठलाही आकार स्वतःवर येतोच, म्हणून ऑर्डर १, शून्य कधीच नाही. पण त्याच त्रिकोणाला रोटेशनल सिमेट्री आहे का असं विचारलं तर उत्तर "नाही", कारण पूर्ण फेऱ्याच्या आत तो कुठेच जुळत नाही. मुलं हे दोन प्रश्न एकत्र करतात, "नाही" म्हणजे शून्य असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. मी वर्गात हे स्पष्ट सांगितलेलं असेल तर शून्याला मार्क देत नाही. दुसऱ्या कुणाच्या वर्गातली वर्कशीट तपासायला आली आणि त्यांनी काय सांगितलंय ते माहीत नसेल तर "नाही" असं शब्दात लिहिलेलं मी बरोबर धरते, आणि नुसतं ० असेल तर गोल करून सोडते, विचारल्याशिवाय कापत नाही.

रेघा किती काटेकोर हव्यात हा प्रश्न नेहमी येतो. हाताने काढलेल्या रेघेत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक मी बघतच नाही, मी बघते की रेघेचं टोक कुठे जायचा प्रयत्न करतंय. षटकोनात तीन रेघा कोपऱ्यांतून आणि तीन बाजूंच्या मध्यांतून जातात, तर मध्यावर जायला निघालेली रेघ जरा सरकली तरी कळतं. पण चौकोनात कोपऱ्यापासून पाव बाजू अंतरावर येऊन संपणारी रेघ असेल तर ते मूल ना कोपऱ्याचं ना मध्याचं, ते अंदाज मारतंय. षटकोनात नुसत्या कोपऱ्यांतल्या तीनच रेघा काढून ३ लिहिलेलं खूप दिसतं, मध्यांतल्या तीन राहून जातात. आणि केंद्रापासून बाहेर रेघा काढणारी मुलं बारा मोजतात, एकाच रेघेचे दोन हात दोनदा. त्यावर उपाय सोपा, रेघ आकाराच्या बाहेर थोडी दोन्हीकडून येऊ द्यायची, मग ती आरपार एक रेघ आहे हे मुलाला आपोआप दिसतं.

आणि एक गोष्ट तपासणाऱ्याने स्वतःच्या बाजूने बघायची असते, ती म्हणजे छापलेला आकार खरंच तसा आहे का. कम्प्युटरवर वर्कशीट बनवताना चित्र पानात बसवायला बाजूचं हँडल धरून ओढलं की चौरस ४ बाय ४.३ होतो, वर्तुळ लंबगोल होतं आणि सुसम षटकोन जरा रुंद होतो. मग पट्टी घेऊन मोजणारं एखादं प्रामाणिक मूल त्या चौरसाला दोनच रेघा काढतं आणि ऑर्डर २ लिहितं, आणि त्याच्या समोरच्या कागदासाठी ते उत्तर तंतोतंत बरोबर असतं. अशा मुलाला मार्क कापणं मला अजिबात पटत नाही. एकतर ओढताना कोपऱ्याचं हँडल धरावं, नाहीतर बाजू समान असल्याच्या छोट्या तिरक्या खुणा आकारावर द्याव्यात, मग मूल माप न घेता खुणांवर विसंबू शकतं.

शेवटचा प्रश्न मी कायम एकच ठेवते, चौकट रिकामी देते आणि म्हणते, सिमेट्रीची रेघ नेमकी एक आणि ऑर्डर २ असलेला आकार काढा. असा आकार होतच नाही. मुलं खोडून खोडून कागद पातळ करतात. एका मुलीने वर्कशीट परत देताना विचारलं, "मॅडम, हा प्रश्न चुकून आलाय का? मी काढला की दर वेळी दुसरी रेघ येतेच." तिला म्हटलं, मग का येते ते दाखव की. तिने उभी रेघ काढली, रेघेच्या उजवीकडे वर एक ठिपका दिला. उभी रेघ आरसा आहे, म्हणजे डावीकडे वर पण ठिपका हवा. ऑर्डर २ आहे, म्हणजे अर्धा फेरा फिरवून पण तसंच दिसायला हवं, तर उजवीकडचा वरचा ठिपका डावीकडे खाली जाणार आणि डावीकडचा वरचा उजवीकडे खाली. चार ठिपके झाले, वरचे दोन खालच्या दोघांच्या अगदी समोर. ती क्षणभर बघत राहिली आणि मधून आडवी रेघ मारली, "ही आली ना परत!" ठिपका कुठेही दिला असता तरी हेच झालं असतं, उभी रेघ आणि अर्धा फेरा एकत्र आले की आडवी रेघ येणारच. या प्रश्नाला मी पूर्ण मार्क देते ते "असा आकार नाही" एवढ्यावर देत नाही, तसं अंदाजानेही लिहिता येतं. चार ठिपके दिसले, किंवा त्या अर्थाचं काहीही दिसलं, अगदी खोडलेल्या तीन आकारांशेजारी "प्रत्येकात दुसरी रेघ येते" एवढं लिहिलेलं असलं, तरी देते.